पायाखालची काळी, पायाखालची निळी

आपल्याकडे गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे गावठाण. हा भेद फक्त घराच्या पायासाठी केला असं मी म्हणणार नाही, त्यामागे बरंच काही आहे. पण पिकाची जमीन वेगळी आणि भिंत उभी करायची जमीन वेगळी, एवढं त्या दोन शब्दांत नक्की येतं. लंडनच्या वायव्येकडची उपनगरं वसवताना हा भेद कोणी पाळला नाही. १९२० आणि ३०च्या दशकांत मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या दोन्ही बाजूंना, हॅरो आणि वेम्बलीच्या शेतांवर हजारो जोडघरं उभी राहिली. ती सगळी काळीत बांधली गेली. फक्त तिथली काळी काळी नाही. उघड्यावर ती तपकिरी दिसते आणि खाली गेलं की निळसर-करडी. तिचं नाव लंडन क्ले.

हे सांगायचं कारण म्हणजे हॅरोतला एक मित्र. २०२२च्या सप्टेंबरमध्ये त्याचा फोन आला, "तू मातीवाला ना? जरा येऊन भिंत बघ." त्या वर्षी जुलैत इंग्लंडने पहिल्यांदाच चाळीस अंश ओलांडले होते आणि पाऊस जवळपास नव्हताच. मी गेलो. पुढच्या बे-विंडोच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका वर गेला होता, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी. आतल्या गिलाव्यावरही त्याच जागी तडा. खाली जेमतेम दिसणारा, वर चार मिलिमीटर रुंद. पुढच्या खोलीचं दार चौकटीला घासत होतं. त्याची आई परभणीहून आलेली होती. त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "अरे, आमच्याकडे उन्हाळ्यात रानाला पडतात तशाच की रे भेगा. हे झाड पाणी ओढतंय." बाहेर फुटपाथच्या कडेला, भिंतीपासून आठ मीटरवर एक सोळा मीटर उंच ओक उभा होता. काकूंचं निदान बरोबर होतं. पण त्यावरून घरातल्या सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे झाड तोडून टाका, तो मात्र तितका सरळ नव्हता. ते का, हे समजायला आधी माती समजून घ्यायला हवी.

पापुद्र्यांची माती

वाळूचा कण म्हणजे दगडाचा बारीक तुकडा. त्याला पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं. चिकणमातीचा कण म्हणजे चपट्या पापुद्र्यांची चळत. विड्याची पानं एकावर एक रचून ठेवावीत तशी. प्रत्येक पापुद्रा सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंचा बनलेला असतो आणि त्याची जाडी असते साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्रा तयार होताना काही ठिकाणी अॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसतं. मॅग्नेशियमचा धन प्रभार एकाने कमी, त्यामुळे अख्ख्या पापुद्र्याला थोडा ऋण प्रभार उरतो. तो भरून काढायला दोन पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन येऊन बसतात. या आयनांना पाणी प्रिय असतं. ते पाण्याचे रेणू आपल्याभोवती ओढून घेतात आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. आधी पाण्याचा एक थर, मग दुसरा, तिसरा. कोरड्या अवस्थेत एक नॅनोमीटरवर असलेले पापुद्रे तीन थर पाणी घेतल्यावर जवळजवळ दोन नॅनोमीटरवर जातात.

असं वागणाऱ्या खनिजांच्या कुळाला स्मेक्टाइट म्हणतात. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातलं प्रसिद्ध नाव. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर सुमारे आठशे चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे तीन टेनिस कोर्टं. एवढ्या पृष्ठभागावर पाणी धरायचं म्हटल्यावर माती फुगणारच. सगळ्याच चिकणमाती अशा नसतात. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरत नाही. म्हणून मे महिन्यात रत्नागिरीत जमीन तापते पण मराठवाड्यासारखी फाटत नाही. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट भरपूर. लंडन क्ले ही सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेली माती. तिच्यात स्मेक्टाइटबरोबर इलाइट आणि केओलिनाइटही असतं. म्हणून ती आपल्या काळीपेक्षा थोडी सभ्य, पण फार नाही.

पापुद्र्यांमध्ये पाणी शिरणं हा गोष्टीचा अर्धाच भाग आहे, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. दुसरा अर्धा असा. माती सुकायला लागते तेव्हा तिची छिद्रं लगेच हवेने भरत नाहीत. चिकणमातीतली छिद्रं इतकी बारीक असतात की पाणी त्यांत ताणलं जातं आणि कणांना आपल्याकडे खेचतं. ओली दोन काचपट्ट्या एकमेकांना कशा चिकटतात, तसं. कण जवळ येतात, छिद्रं लहान होतात, आणि उरलेलं पाणी त्या लहान झालेल्या छिद्रांना पुन्हा पुरून उरतं. याचा परिणाम हिशेबाला फार सोयीचा आहे. माती अगदी वाळून कडक होईपर्यंत जेवढं पाणी जातं, जवळजवळ तेवढंच मातीचं आकारमान कमी होतं. एक लिटर पाणी गेलं की एक लिटर माती गेली. वाळूच्या बाबतीत हे होत नाही, कारण तिचे कण आधीच एकमेकांवर टेकलेले असतात. हाउन्सलो आणि स्लाऊचा मोठा भाग थेम्सने आणून टाकलेल्या रेती-गोट्यांच्या थरावर आहे. तिथल्या आपल्या मंडळींना हा त्रास सहसा नसतो, तो या कारणाने.

मित्राच्या घराचा हिशेब

इन्शुरन्सने नेमलेल्या इंजिनिअरने पुढच्या कोपऱ्यापाशी एक खड्डा घेतला आणि खाली बोअर मारलं. पाया निघाला साठ सेंटिमीटर खोल. त्या काळातल्या घरांना एवढाच असायचा. पायाच्या खाली ओकची बारीक मुळं सापडली. मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून झाड कोणतं हे ओळखता येतं, म्हणजे शेजाऱ्याच्या हेजवर आळ घेऊन चालत नाही.

मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथे पहिली गोष्ट बघतात ती लिक्विड लिमिट, म्हणजे किती ओलाव्याला ही माती घट्टपणा सोडून चिखलासारखी वाहायला लागते. ती निघाली ७५ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या मातीत पंचाहत्तर ग्रॅम पाणी. ऐकून आश्चर्य वाटेल, पण लंडन क्लेसाठी हा आकडा अगदी नेहमीचा. इथल्या मातीसाठी एक ढोबळ नियम वापरतात, की जमिनीत माती स्वस्थ असेल तर तिचा ओलावा लिक्विड लिमिटच्या चार दशांशापेक्षा फारसा खाली जात नाही. ७५चे चार दशांश ३०. मागच्या अंगणात, झाडापासून लांब घेतलेल्या बोअरमध्ये ओलावा तीसच्या आसपासच होता. पुढच्या बाजूला, पायाच्या लगेच खाली तो २६ होता आणि दोन मीटर आणखी खाली गेल्यावर हळूहळू तीसवर येत होता.

चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मित्रालाही वाटलं. मग आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर आकडेमोड केली. या मातीच्या एका घनमीटरमध्ये सुमारे दीड टन कोरडी माती असते. तिचे चार टक्के म्हणजे साठ किलो, म्हणजेच साठ लिटर पाणी. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरखाली एक मीटर जाडीच्या थरातून साठ लिटर गेलं, म्हणजे साठ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर गेला. पाणी गेलं तेवढं आकारमान गेलं. पण माती फक्त उभी आकसत नाही, आडवीही आकसते. त्यातूनच तर उभ्या भेगा पडतात. म्हणून ढोबळपणे त्याचा तिसरा हिस्सा उभा धरायचा, म्हणजे मीटरमागे वीस मिलिमीटर. आपल्याकडे कोरडेपणा दोन मीटरभर पसरलेला आहे, पण वर पूर्ण आणि खाली शून्य. सरासरी निम्मा. दोन मीटर, निम्मा कोरडेपणा, म्हणजे वीस मिलिमीटर. सुकलेल्या मातीमुळे पुढचा कोपरा वीस मिलिमीटर खाली, आणि मागची भिंत, जिथे जेमतेम काही सुकलेलं नाही, ती समजा चार. फरक सोळा मिलिमीटर, सात मीटर अंतरात.

भिंत तडकते ती या फरकामुळे. अख्खं घर सारखंच वीस मिलिमीटर खाली गेलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. सोळा मिलिमीटरला सात हजार मिलिमीटरने भागलं की साधारण ४४० भागांत एक भाग उतार येतो. इंजिनिअर लोक बऱ्याच काळापासून पाचशेत एक या उतारापर्यंत वीटबांधकाम सुरक्षित धरतात आणि तीनशेत एकला तडे जाणार असं गृहीत धरतात. मित्राचं घर बरोबर मध्ये. चार मिलिमीटरचा तडा पडणं अगदी हिशेबाला धरून होतं. ब्रिटनमध्ये तड्यांच्या रुंदीवरून नुकसानीची शून्य ते पाच अशी प्रतवारी करतात. पाच मिलिमीटरपर्यंतचा तडा दुसऱ्या प्रतीत येतो, म्हणजे दिसायला वाईट, दारं-खिडक्या थोड्या अडणार, पण घर पडायच्या बेतात वगैरे काही नाही. पंधराच्या वर गेलं की गोष्ट वेगळी.

तडा वर रुंद आणि खाली अरुंद का? कोपरा खाली झुकला की भिंतीचा तो तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित कलतो. वरचं टोक जास्त सरकतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघतो कारण भिंत तिथेच अशक्त असते. घरात हा आकार, आत-बाहेर एकाच जागी तडा, आणि अडणारं दार एकत्र दिसलं तर पायाचा संशय घ्यावा. गिलाव्यावरची केसाएवढी जाळी, किंवा जुनं घर आणि नवीन एक्स्टेन्शन यांच्या सांध्यावरची सरळ उभी रेघ, ही बहुतेक वेळा वेगळीच दुखणी असतात. सर्वांत खात्रीची खूण मात्र ऋतू. चिकणमातीचा तडा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुंदावतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मिटायला लागतो. दुसरं कोणतंही कारण असं कॅलेंडर पाळत नाही. मी मित्राला तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवायला लावला आणि दर महिन्याच्या एक तारखेला कॅलिपरने अंतर मोजून वहीत लिहायला सांगितलं.

झाड तोडायचं का

पानं असलेला मोठा ओक उन्हाळ्यात जमिनीतून सतत पाणी उपसत असतो. लंडनचा पाऊस आपल्याला वाटतो तेवढा नाही, वर्षाला सुमारे सहाशे मिलिमीटर, आणि उन्हाळ्यात पडतो त्यापेक्षा जास्त पाणी झाडं आणि ऊन घेऊन जातात. हिवाळ्यात पानं गळतात, पाऊस जमिनीत मुरतो, हिशेब भरून निघतो. निघायला हवा. पण चिकणमातीतून पाणी भयंकर हळू जातं. अखंड लंडन क्लेमधून ते वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढंच सरकतं. वरचा मीटर-दीड मीटर भेगांमुळे लवकर भिजतो. त्याच्या खाली, झाड मोठं असेल तर, एका हिवाळ्यात भरपाई पुरी होत नाही. वर्षानुवर्षांची थकबाकी साचत जाते. उन्हाळ्या-हिवाळ्याची उघडझाप वरच्या थरात आणि कायमची तूट खालच्या थरात, असे दोन वेगळे हिशेब एकाच झाडाखाली चालू असतात.

आता प्रश्न असा की घर आधीचं की झाड आधीचं. हॅरोत ही घरं बांधली तेव्हा शेतांच्या बांधांवरचे ओक बऱ्याच ठिकाणी तसेच ठेवले गेले. मित्राच्या दारातला ओकही खोडाच्या घेरावरून घरापेक्षा बराच म्हातारा निघाला. म्हणजे पाया घातला तेव्हाच तिथली खोल माती काही प्रमाणात सुकून आकसलेली होती. घर त्या आकसलेल्या मातीवर बांधलं गेलं. झाड तोडलं तर पाणी परत येणार, आणि माती केवळ १९३०च्या पातळीला येऊन थांबणार नाही, झाड लावण्यापूर्वी होती तिथपर्यंत जाणार. घर खाली जाण्याऐवजी वर ढकललं जाणार, आणि तेही एका कोपऱ्याने. दुमजली घराचं वजन भिंतीच्या दर मीटरला साधारण पाच टन असतं. फुगणाऱ्या मातीला ते रोखायला बऱ्याचदा पुरत नाही. ब्रिटनच्या बांधकाम संशोधन संस्थेने, म्हणजे बीआरईने, केंटमधल्या चॅटन्डेन इथे लंडन क्लेवर हे मुद्दाम तपासलं. लोम्बार्डी पॉप्लरची ओळ तोडली आणि जमीन मोजत राहिले. ती पुढे कित्येक वर्षं वर येत राहिली, शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त. आपल्या घरातला फरक सोळा मिलिमीटरचा होता, हे लक्षात घ्या.

झाड घरानंतर लावलेलं असेल तर हा धोका बराच कमी. तोडल्यावर माती घर बांधलं तेव्हाच्या जागी परत येते, आणि तडे मिटतातही. म्हणून "शेजारच्यांनी तोडलं, त्यांचं बरं झालं" या माहितीचा उपयोग शून्य, जोपर्यंत त्यांच्या झाडाचं वय माहीत नाही. शिवाय झाडावर संरक्षणाचा आदेश आहे का हे कौन्सिलकडे आधी विचारावं लागतं. कॉन्झर्व्हेशन एरियात असाल तर सहा आठवड्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. मित्राचा ओक तर कौन्सिलचाच होता.

१९७६ला ब्रिटनने हे सगळं एकदमच शिकून घेतलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७१ला, घरांच्या विम्यात जमीन खचण्याची भरपाई सर्रास घालायला सुरुवात झाली होती. मग १९७५-७६चा दुष्काळ आला. सरकारने डेनिस हॉवेल यांना दुष्काळमंत्री केलं आणि काही दिवसांतच धो धो पाऊस सुरू झाला, हा किस्सा इथे अजून सांगतात. पण तोपर्यंत दक्षिण-पूर्व इंग्लंडमधली घरं तडकली होती आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांचा ढीग लागला होता. त्यानंतर नवीन घरांचे पाये खोल झाले. आज एनएचबीसी या घरबांधणीची हमी देणाऱ्या संस्थेच्या नियमांत जास्त फुगणाऱ्या मातीत, जवळ झाड नसतानाही, किमान एक मीटर खोली लागते. ओकसारखं तहानलेलं झाड असेल तर त्याच्या पूर्ण वाढलेल्या उंचीच्या सव्वापट अंतरापर्यंत पाया त्याच्या हिशेबाने आणखी खोल न्यावा लागतो. सोळा मीटरच्या झाडालाही ते अंतर वीस मीटर होतं. मित्राचं घर आठ मीटरवर आणि पाया साठ सेंटिमीटर.

काकूंनी विचारलं, मग आमच्याकडे काय करतात? महाराष्ट्रात झाडापेक्षा पावसाळा मोठा. वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत पडतं, घराभोवतीची माती फुगते, घराखालची झाकलेली माती उशिरा भिजते, आणि कडेच्या भिंती आधी उचलल्या जातात. म्हणून जुने गवंडी काळी लागली की मुरूम लागेपर्यंत खणायचे आणि जोत्यातही मुरूमच भरायचे. काळी फार खोल असेल तिथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुजवलेली पद्धत वापरतात. साडेतीन मीटरच्या आसपास खोल भोक पाडायचं, तळाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा करायचा, काँक्रीट भरायचं. ऋतूंचा खेळ वरच्या थरात चालतो आणि फुगवटा त्याच्या खाली रुतून बसतो, वरच्या मातीने उचलायचा प्रयत्न केला तरी उपटला जात नाही. वरची तुळई मात्र जमिनीला टेकू द्यायची नाही, खाली थोडी पोकळी ठेवायची. ती पोकळी कोणी ठेकेदाराने विटांचे तुकडे टाकून भरून काढली, तर केलेलं सगळं वाया.

मित्राच्या वहीतले आकडे असे आले. सप्टेंबरात चार मिलिमीटर, डिसेंबरात तीन, मार्चअखेर दीड. अडीच मिलिमीटर परत आले, म्हणजे तेवढा भाग ऋतूचा. मधल्या काळात त्याला तडा सिमेंटने भरून टाकायची फार घाई होती. सप्टेंबरात, तडा सर्वांत रुंद असताना तो कडक मसाल्याने भरला की हिवाळ्यात भिंतीला मिटायला जागा उरत नाही आणि ती शेजारी नवी फट काढते. म्हणून थांबलो. सगळ्या घराला अंडरपिनिंग करायचा, म्हणजे जुन्या पायाखाली खोल नवा पाया घालायचा प्रस्तावही आला. पण जोडघरात अर्ध्याच घराचा पाया खोल नेला तर सामाईक भिंतीवर नवा फरक तयार होतो, आपलं अर्धं स्थिर आणि शेजाऱ्याचं हलतं. इंजिनिअरने तो सोडून दिला.

शेवटी झाड राहिलं. कौन्सिलने त्याचा घेर बराच कमी केला आणि काही वर्षांनी पुन्हा करायचं ठरवलं, कारण छाटलेलं झाड नवी पानं फोडतं आणि एकदाच केलेल्या छाटणीचा फायदा फार टिकत नाही. भिंतीच्या आडव्या सांध्यांत स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्या बसवल्या, तडा चुन्याच्या मऊ मसाल्याने भरला. विम्याच्या नियमाप्रमाणे पहिले हजार पौंड मित्राच्या खिशातून गेले. दोन स्क्रू त्याने काढलेले नाहीत. परवा विचारलं तर म्हणाला, ऑगस्टला अर्धा मिलिमीटर उघडलं होतं, आईला फोनवर आकडा सांगितला, तिने परभणीत पाऊस कधी लागला ते सांगितलं.